फोन नेमका कोणत्या माइकचे ऐकतो आहे?

फोनवर चित्रित केलेल्या मुलाखतींमध्ये एक दोष वारंवार ऐकू येतो. पाहुण्याच्या सदऱ्यावर कॉलर माइक नीट लावलेला दिसतो, ट्रान्समीटरचा दिवा चालू असतो, रिसीव्हर फोनला जोडलेला असतो आणि आवाज मात्र दहा फुटांवरून, भिंतींवर आपटून आल्यासारखा येतो. वार्ताहर माइकला दोष देतो आणि दुसरा माइक शोधायला निघतो. बहुतेक वेळा माइक निर्दोष असतो. फोनने त्याचा आवाज घेतलेलाच नसतो. सगळी मुलाखत फोनच्या बुडाशी असलेल्या स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड झालेली असते.

हा बिघाड घातक आहे, कारण तो गुपचूप होतो. रिसीव्हर ओळखता आला नाही म्हणून फोन आवाजच बंद ठेवत नाही किंवा पडद्यावर सूचनाही देत नाही. तो आपला आतला माइक चालू ठेवतो, पट्टीवर हिरव्या रेघा नाचत राहतात आणि सगळे सुरळीत चालले आहे असे वाटते. म्हणून या महिन्याच्या संपादकीयात जोडणी आणि तिच्यासोबत येणारा गेन एवढेच घेतले आहे. आपल्या व्यवसायात मुलाखत पुन्हा घेता येईलच असे नसते.

मूळ कारण पिनमध्ये आहे. बहुतेक रिसीव्हर कॅमेऱ्यासाठी बनवलेले असतात आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या साडेतीन मिलिमीटरच्या केबलच्या दोन्ही टोकांना दोन काळ्या रेघा असतात, म्हणजे पिनचे तीन भाग होतात. फोनच्या हेडफोन जॅकला माइक द्यायचा तर चार भागांची, तीन रेघांची पिन लागते. टोकाकडून पाहिले तर पहिला भाग डाव्या कानाचा, दुसरा उजव्या कानाचा, तिसरा ग्राउंडचा आणि सर्वांत मागचा माइकचा. कॅमेऱ्याची केबल फोनमध्ये घातली की तिचा मागचा लांब ग्राउंड फोनच्या माइकच्या स्पर्शबिंदूलाही टेकतो. तिथला रोध शून्य भासला की फोन ठरवतो, हा नुसता हेडफोन दिसतो, याला माइक नाही. मग तो आपल्याच माइककडे वळतो. फोन त्याच्या नियमाप्रमाणे बरोबरच वागलेला असतो.

तेव्हा केबल घेताना रंग किंवा पाकिटावरचे वर्णन पाहू नका, रेघा मोजा. रिसीव्हरकडच्या टोकाला दोन आणि फोनकडच्या टोकाला तीन. अशी तयार केबल मिळते किंवा आहे त्या केबलला लावायचा छोटा कन्व्हर्टर मिळतो. मात्र फार स्वस्त कन्व्हर्टरमध्ये आणखी एक अडचण येते. माइक आहे हे ओळखायला फोनला त्या टोकाशी साधारण १००० ओहम किंवा त्याहून जास्त रोध दिसावा लागतो. त्यापेक्षा बराच कमी दिसला तर फोनला वाटते की हेडफोनवरचे बटण दाबले गेले. मुलाखतीच्या मध्येच गाणे सुरू होणे किंवा रेकॉर्डिंग आपोआप थांबणे, असे प्रकार घडले तर संशय आधी कन्व्हर्टरवर घ्यावा.

आता बहुतेक फोनना हेडफोन जॅकच नसतो. आयफोनमधून तो २०१६ साली गेला, २०२३ पासून त्याच्या नव्या मॉडेलना टाइप-सी आले आणि अँड्रॉइडमध्येही जॅक दिवसेंदिवस कमी होत आहे. इथे अॅडाप्टरची निवड खरी महत्त्वाची ठरते, कारण बाहेरून सारखे दिसणारे टाइप-सी ते साडेतीन मिलिमीटरचे अॅडाप्टर आतून दोन वेगळ्या जातींचे असतात. एकात चिप असते. ती रिसीव्हरकडून येणाऱ्या आवाजाचे आकड्यांत रूपांतर करते आणि फोनला यूएसबीवरून देते. दुसऱ्यात नुसत्या तारा असतात आणि रूपांतराचे काम फोननेच करावे अशी त्याची अपेक्षा असते. थोडेच फोन ते करतात, बाकीच्या फोनना असा अॅडाप्टर लावला की काहीच घडत नाही. चिप असलेल्यांतही काही फक्त ऐकण्यासाठी असतात, त्यांच्यात आवाज आत घेणारी बाजूच नसते. लायटनिंगच्या जुन्या आयफोनचीही तीच गोष्ट. अॅपलचा स्वतःचा अॅडाप्टर माइक घेतो, पण त्याच्यासारख्या दिसणाऱ्या कित्येक स्वस्त अॅडाप्टरवर फक्त गाणी ऐकता येतात. दुकानात ‘यावर कॉल होतो का’ असे विचारा आणि तिथेच हेडफोनच्या माइकवरून बोलून पाहा. ज्या अॅडाप्टरवर कॉलमधला आपला आवाज हेडफोनच्या माइकमधून जातो, तोच आपल्या कामाचा.

रिसीव्हरलाच टाइप-सी असेल आणि तो त्यातून थेट आवाज देत असेल, तर हा मधला सगळा खटाटोप वाचतो. नवीन संच घेणाऱ्याने असाच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. काही अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी चालू करावे लागते आणि वापर नसेल तर दहा मिनिटांनी ते आपोआप बंद होते. तयारी करून पाहुण्याची वाट पाहत बसलो, तर नेमके तेवढ्यातच ते बंद झालेले असते. दुसरी गोष्ट फोनच्या जाड कव्हरची. त्याच्यामुळे पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहते, हात लागला की जोड सुटतो आणि फोन पुन्हा मुकाट्याने आपल्या माइकवर जातो. कव्हर काढूनच काम करावे.

आता पारख. फोनजवळ आणि माइकजवळ टिचकी मारून कुठली जास्त ऐकू येते ते पाहण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. शांत खोलीत ती पुरेशी आहे. गोंगाटात तिच्यावर विसंबू नये. त्याऐवजी रेकॉर्डिंग चालू करा, पाच सेकंद बोला, ट्रान्समीटर म्यूट करा, आणखी पाच सेकंद बोला आणि थांबवा. मग अॅडाप्टर काढून ती फीत ऐका. दुसरी पाच सेकंदे नि:शब्द असली, फार तर हलकी खरखर असली, तर जोडणी बरोबर आहे. म्यूट करूनही आजूबाजूचा बाजार ऐकू येत असेल, तर फोन स्वतःच्याच माइकचे ऐकतो आहे. या पारखीत अंदाजाला जागा उरत नाही. पिन हलली, अॅप बदलले किंवा मध्ये फोन येऊन गेला, की ती नव्याने करावी. तो प्रसंगच टाळायचा तर रेकॉर्डिंगआधी एअरप्लेन मोड लावावा. कॉलर माइकचा रेडिओ फोनवर अवलंबून नसल्यामुळे त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

अॅपही पाहावे लागते. काही अँड्रॉइड फोनमधले कंपनीचे कॅमेरा अॅप बाहेरचा माइक घेतच नाही. जोडणी ठीक असूनही म्यूटच्या पारखीत फोन नापास होतो. अशा वेळी ओपन कॅमेरा वापरून पाहावे. त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये `Audio source` खाली `External mic (if present)` निवडता येते.

गेनचा विचार मात्र जागेवरच करावा लागतो. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू आहे आणि तिथे एका शेतकऱ्याची मुलाखत घ्यायची आहे असे धरू. ट्रॅक्टर घुरघुरत आहेत, बोली पुकारली जात आहे. माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर, सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाशी लावला. बहुतेक जण आता नाव आणि गाव विचारून पातळी ठरवतात. नाव सांगताना माणूस संकोचून हळू बोलतो. त्या आवाजावर गेन बसवला आणि नंतर भावाचा विषय निघाला, की तोच माणूस दुप्पट जोराने बोलतो आणि आवाज फाटतो. म्हणून चाचणीलाच विचारावे, ‘काका, आज काय भाव निघाला?’ जो उत्तराचा सूर असेल, त्यावर पातळी ठरवावी. मोठे शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान पोहोचावेत. त्यावरची जागा अचानक चढणाऱ्या आवाजासाठी मोकळी राहू द्यावी.

पण पट्टी उणे १२ वर असूनही आवाज फाटलेला येतो, ही तक्रार आपल्याकडे नेहमीची आहे. याचे कारण असे की आवाज ट्रान्समीटर, रिसीव्हर आणि फोन अशा तीन ठिकाणी वाढतो, आणि आधीच्या ठिकाणी फाटलेला आवाज पुढे कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो. फोनची माइक-वाट अगदी क्षीण आवाजासाठी बनवलेली असते. रिसीव्हर जर कॅमेऱ्याच्या लाइन इनपुटला देतात तेवढ्या जोराने आवाज देत असेल, तर तो फोनच्या दारातच फाटतो. शोध असा घ्यावा. अॅपमधली पातळी खाली आणा. आवाज लहान झाला पण करकर कायम राहिली, तर दोष त्याच्या आधीचा आहे. मग रिसीव्हरचे आउटपुट एक पायरी उतरवा. रोडच्या पहिल्या वायरलेस गो संचाला ०, उणे १२ आणि उणे २४ अशा तीन पायऱ्या आहेत. फोनसाठी उणे १२ पासून सुरुवात करून गरजेप्रमाणे हलावे. आउटपुट उतरवूनही करकर तशीच राहिली, तर आवाज ट्रान्समीटरमध्येच फाटतो आहे. तिथे गेन कमी करायचा किंवा माइक दोन बोटे खाली सरकवायचा.

लासलगावात दुसरी अडचण फोनच्या आपोआप गेनची येते. शेतकरी बोलायचा थांबला, की दोन सेकंदांत ट्रॅक्टरचा आवाज फुगत वर येतो आणि त्याने तोंड उघडले की दबतो. फोनला शांतता दिसली की तो गेन चढवतो, म्हणून असे होते. संपादनात हे चढउतार पुसता येत नाहीत. ब्लॅकमॅजिक कॅमेऱ्यासारख्या अॅपमध्ये आवाजाची पातळी हाताने बांधून ठेवता येते, ती ठेवावी. ती सोय नसेल तर निदान रिसीव्हरकडून आवाज भरपूर, पण न फाटता, द्यावा. आवाज मुळात क्षीण दिला तर फोन जास्त ओढतो आणि त्याबरोबर खरखरही ओढली जाते.

दोन माइकचे संच वापरणाऱ्यांनी आणखी एक जपावे. रिसीव्हर स्टीरिओवर असेल तर वार्ताहराचा आवाज डावीकडे आणि पाहुण्याचा उजवीकडे जातो. साडेतीन मिलिमीटरच्या वाटेने मात्र फोनला माइकची एकच तार मिळते आणि बऱ्याच केबलमध्ये ती फक्त डाव्या बाजूला जोडलेली असते. परिणाम असा की प्रश्न स्वच्छ ऐकू येतात आणि पाहुण्याची उत्तरे फक्त वार्ताहराच्या माइकमध्ये लांबून पकडलेली असतात. त्या जोडणीत रिसीव्हर मोनोवर ठेवावा आणि म्यूटची पारख दोन्ही ट्रान्समीटरवर वेगवेगळी करावी. टाइप-सीची थेट जोडणी असेल, तर स्टीरिओ ठेवून दोन आवाज दोन बाजूंना वेगळे घ्यावेत, म्हणजे एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्यावर आला तरी तो काढता येतो.