अक्षरं बरोबर, वाक्य खोटं

जुन्या मासिकांची पानं मोबाइलवर टिपून त्यांचा मजकूर करणाऱ्यांची सध्या एक जमात आहे, आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण या जमातीचा एक लाडका शब्द आहे, ‘अचूकता’. नव्याण्णव टक्के अक्षरं बरोबर आली, आता काय राहिलं? राहिलं ते असं, की पान दोन कॉलमचं असेल आणि फोटो तिरका असेल, तर शंभर टक्के अक्षरं बरोबर येऊनही लेखकाने कधी न लिहिलेलं वाक्य तयार होऊ शकतं. चुकलेला र्‍हस्व-दीर्घ वाचकाला दिसतो. चुकलेला क्रम दिसेलच असं नाही, म्हणून तो जास्त वाईट.

एक पान घेऊ. समजा फोटोत प्रत्येक कॉलम 1200 पिक्सेल रुंद आहे, मधली मोकळी पट्टी 100 पिक्सेलची, आणि एका ओळीपासून दुसरी ओळ 70 पिक्सेलवर. एका कॉलमात 40 ओळी, म्हणजे मजकुराची उंची साधारण 2800 पिक्सेल. फोटो घेताना हात किंचित कलला आणि पान घड्याळाच्या दिशेने 3 अंश फिरलं. डोळ्यांना हे जाणवतही नाही. पण डाव्या कॉलमच्या मध्यापासून उजव्याच्या मध्यापर्यंत अंतर आहे 1300 पिक्सेल, आणि 3 अंशांत तेवढ्या अंतरावर उजवी बाजू सुमारे 68 पिक्सेल खाली येते. ओळीचं अंतर 70! म्हणजे डावीकडची 18वी ओळ उजवीकडच्या 17व्या ओळीच्या जवळजवळ रेषेत बसली.

आता डावीकडची 18वी ओळ अशी आहे असं धरा: ‘छापली. तिला त्या वर्षी पुरस्कार’. तिची 19वी ओळ: ‘मिळाला नाही. टीका मात्र खूप झाली.’ उजवीकडे 17व्या ओळीत दुसऱ्याच पुस्तकाची गोष्ट चालली आहे: ‘मिळाला, तेव्हा लेखक गप्प’. वरून खाली, डावीकडून उजवीकडे असं सरसकट वाचणाऱ्या प्रोग्रॅमने दोन्ही जोडलं, की निघतं: ‘तिला त्या वर्षी पुरस्कार मिळाला, तेव्हा लेखक गप्प’. व्याकरण चोख, अर्थ उलटा. मराठीत हा धोका विशेष, कारण आपलं ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं आणि अरुंद कॉलमात ते हमखास पुढच्या ओळीत जातं. उद्या कुणी हे वाक्य अवतरणचिन्हांत घालून लेखात वापरलं, तर मूळ पान उघडून तपासणार कोण? आणि जो वाचक पान पाहूच शकत नाही, स्क्रीन रीडरवर ऐकतो, त्याच्याकडे तर उघडायला दुसरं पानच नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं: ‘प्रोग्रॅम कॉलम ओळखतो की.’ ओळखतो, पान सरळ असेल तर. जुनी, साधी युक्ती अशी आहे की पानावर वरपासून खालपर्यंत एकही काळा ठिपका नसलेली उभी पट्टी शोधायची आणि तिथे पान कापायचं. मग प्रत्येक तुकड्यात आडव्या मोकळ्या पट्ट्या शोधायच्या, पुन्हा उभ्या. नागी आणि सेठ यांनी 1984 मध्ये मांडलेली ही एक्स-वाय कट पद्धत आजही चालते. पण आपल्या पानात 3 अंशांच्या कलाने मधली पट्टी वरपासून खालपर्यंत जाताना 147 पिक्सेल सरकते, आणि ती रुंद आहे फक्त 100. सरळ उभी मोकळी पट्टी उरतच नाही. गणित करून पाहा, दोन अंशांच्या जरा पुढे गेलं की ती बंद होते. प्रोग्रॅमला मग अख्खं पान एकच रुंद कॉलम वाटतं.

म्हणून माझा आग्रह साधा आहे: आधी पान सरळ करा, मग कॉलम ठरवा, मग ओळी, आणि अक्षरं सगळ्यात शेवटी. आपल्याकडे उलटं चालतं.

सरळ करणं म्हणजे नुसतं फिरवणंही नव्हे. फोटो बाजूने घेतला असेल तर जवळचा कॉलम मोठा आणि लांबचा लहान येतो. डावीकडे ओळींचं अंतर 70 आणि उजवीकडे 66 असेल, तर पहिली ओळ जुळवली तरी 18 ओळींत 72 पिक्सेलचा फरक पडतो, म्हणजे पुन्हा एका ओळीची फसगत. इथे मजकुराचे चार कोपरे धरून तो चौकोन आयतात ताणावा लागतो. स्कॅनर अ‍ॅपमधले चार ठिपके त्यासाठीच असतात. हे ठिपके कागदाच्या कोपऱ्यांवर नको, मजकुराच्या कोपऱ्यांवर ठेवा. कागद वाकडा कापलेला असू शकतो, जुळवलेले खिळे सहसा सरळ असतात. आडव्या कलासाठी देवनागरीत आयती पट्टी आहे, शिरोरेषा. उभ्या कलासाठी ओळी जिथून सुरू होतात त्या डाव्या कडा बघायच्या, परिच्छेदाच्या आत सरकलेल्या पहिल्या ओळी सोडून. टेसरॅक्टची पान-मांडणी ओळखायची पद्धत रे स्मिथ यांनी 2009 मध्ये मांडली, तिचा आधारही अशा एका रेषेत येणाऱ्या कडाच आहेत. शिवणीजवळ पान फुगलेलं असेल तर मात्र चार कोपरे पुरत नाहीत. पुस्तक दाबून पुन्हा फोटो काढा, ते स्वस्त पडतं.

क्रम लावताना चूक कुठे होते ते एका ओळीत दाखवता येतं. ही चुकीची:

```
sorted(oli, key=lambda o: (o.y, o.x))
```

आणि ही बरोबर:

```
sorted(oli, key=lambda o: (o.thar, o.colm, o.y))
```

`thar` म्हणजे पानाचा आडवा थर. दोन्ही कॉलमवर पसरलेलं मथळ्याचं शीर्षक मध्येच आलं, तर त्याच्या वरचा डावा, वरचा उजवा, मग शीर्षक, मग खालचा डावा, खालचा उजवा. हे न पाळता डावा कॉलम वरून थेट तळापर्यंत वाचणारेही आहेत. ते एका लेखाच्या पोटात दुसरा लेख घालतात.

टेसरॅक्ट वापरणाऱ्यांनी `--psm 6` सबंध पानावर लावू नये. त्याचा अर्थच ‘हा एकसलग मजकूर आहे’ असा होतो, आणि तो पट्टी ओलांडून वाचतो. कॉलम आधी कापून घेतला असेल तर मात्र तोच योग्य:

```
tesseract dava.png dava -l mar --psm 6
```

तपासायला सगळं पान वाचावं लागत नाही. छापील कॉलमच्या ओळीत तीस-पस्तीस अक्षरं असतील आणि मजकुरात सत्तरच्या ओळी दिसल्या, तर कॉलम चिकटले आहेत. तसं नसेल तर डाव्या कॉलमची शेवटची ओळ आणि उजव्याची पहिली ओळ मजकुरात लागोपाठ आहेत का एवढं बघा. अर्धा तुटलेला शब्द तिथे जुळला तर उत्तम पुरावा.

‘हे सगळं नंतर हाताने जुळवू’ म्हणणाऱ्यांनी एकदा ते करून बघावं. चिकटलेल्या ओळीत डावं कुठे संपलं आणि उजवं कुठे सुरू झालं याची खूणच नसते. शब्दांच्या जागा फेकून दिलेल्या असतात. त्या टिकवायच्या तर आज्ञेच्या शेवटी `tsv` लिहा, म्हणजे प्रत्येक शब्दाबरोबर त्याचे `left` आणि `top` आकडेही मिळतात, आणि क्रम चुकला तरी पुन्हा लावता येतो. उरतात त्या चौकटी, फोटोखालच्या ओळी आणि ‘पुढे चालू’चे तुकडे. त्यांचा क्रम छापणाऱ्यानेही ठरवलेला नसतो. त्या लेखाच्या शेवटी, वेगळ्या ठेवून द्याव्यात.