ॲपने मागितलेली परवानगी कामापुरती की कामापलीकडची?

नवीन जालन्यातील एखाद्याच्या मोबाइलमध्ये एकाच आठवड्यात दोन ॲप येऊ शकतात. एक गावाकडच्या शेतातील पिकाची नोंद करण्यासाठी शासनाचे 'ई-पीक पाहणी', दुसरे दहा मिनिटांत कर्ज देण्याचा दावा करणारे. दोन्ही उघडताच परवानग्या मागतात आणि दोन्हीकडे बोट सवयीने 'अनुमती द्या'वर पडते. खरे तर या दोन मागण्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते.

काम आधी, परवानगी नंतर

ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली ती ऑगस्ट २०२१ मध्ये. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून कपाशी, सोयाबीन किंवा मोसंबीचा फोटो काढायचा आणि ती नोंद सातबाऱ्यावर जायची, अशी ही पद्धत. फोटो त्याच शेतातला आहे हे ठरवायला जागेचे अक्षांश-रेखांश लागतात. म्हणून येथे कॅमेरा आणि लोकेशन या दोन्ही मागण्या रास्त आहेत. त्या नाकारल्या तर मूळ कामच अडते.

तरीही परवानगी किती द्यायची, हे वापरणाऱ्याच्या हाती असते. 'ॲप वापरत असताना' हा पर्याय शेतातल्या नोंदीला पुरेसा आहे. घरी आल्यावर लोकेशन चालू राहण्याचे कारण नाही. हवामान सांगणाऱ्या ॲपला तर अंदाजे ठिकाणही चालते. अलीकडच्या अँड्रॉइड फोनमध्ये अचूक आणि अंदाजे असे दोन पर्याय दिसतात.

कर्जाला मेहुण्याचा नंबर कशाला?

आता कर्जाचे ॲप पाहू. ओळख पटवण्यासाठी ते एकदा कॅमेरा मागेल, ते समजण्यासारखे आहे. पण ते संपूर्ण संपर्क यादी आणि गॅलरी मागत असेल, तर कर्ज मंजूर करण्याशी त्याचा संबंध काय? संबंध असतो तो वसुलीशी. हप्ता चुकला की नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, दुकानातल्या मालकाला फोन जातात, बदनामीकारक संदेश जातात. देशभरात अशा तक्रारी वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत डिजिटल कर्ज ॲपना फाइल-फोटो, संपर्क यादी आणि कॉलची नोंद पाहण्यास मनाई केली. कॅमेरा, माइक, लोकेशन हे ग्राहकाची स्पष्ट संमती घेऊन, ओळख पडताळणीपुरते एकदाच घेता येते. म्हणजे संपर्क यादी मागणारे कर्जाचे ॲप पहिल्याच पडद्यावर नियम मोडत असते. व्याजदर वाचण्याआधीच ते काढून टाकावे.

येथे एक गोष्ट सहसा सुटते. संपर्क यादी एकट्या फोनधारकाची नसते. तीत शंभर-दोनशे माणसांचे नंबर असतात आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. 'माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे' हा युक्तिवाद म्हणूनच येथे लागू पडत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यातही हेच सूत्र आहे. कायद्यातच उदाहरण दिले आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने संपर्क यादीची संमती मागितली आणि ग्राहकाने ती दिली, तरी ती यादी त्या सेवेला आवश्यक नसल्याने संमती तेवढ्यापुरती ग्राह्य धरली जात नाही.

एसएमएसची मागणी

'ओटीपी आपोआप वाचण्यासाठी एसएमएसची परवानगी द्या', हे कारण पटकन पटते. पण ओटीपी हाताने टाकता येतो आणि सगळे मेसेज न वाचता फक्त तेवढाच ओटीपी घेण्याची सोयही अँड्रॉइडमध्ये आहे. यूपीआय ॲपचे मात्र वेगळे आहे. बँकेत नोंदवलेले सिम याच फोनमध्ये आहे हे पडताळण्यासाठी ते फोनवरून एसएमएस पाठवते. तीच परवानगी लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइलने मागितली, तर ती बँकेचे ओटीपी पळवण्यासाठी असू शकते.

नाकारून पाहा

शंका असेल तेव्हा सरळ परवानगी नाकारावी. प्रामाणिक ॲपचे तेवढेच काम थांबते, बाकीचे चालू राहते. नंतर गरज पडल्यास सेटिंग्जमध्ये ॲपच्या नावाखाली 'परवानग्या' उघडून ती देता येते. कामाशी संबंध नसलेली परवानगी मिळेपर्यंत ॲप पुढेच जाऊ देत नसेल, तर त्याचा हेतू कळला असे समजावे.

मात्र नकार वेळेवर हवा. परवानगी नंतर काढून घेतली, तरी आधीच सर्व्हरवर गेलेली यादी परत येत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते. गेलेले नंबर परत आणणारी हेल्पलाइन मात्र नाही.