दोन गुणांसाठी दीड पान

दहावीतली माझी भाची परवा विज्ञान भाग १ ची सराव उत्तरपत्रिका घेऊन आली. पाच गुणांचा शेवटचा प्रश्न कोरा होता. "खाला, येत होतं हो, वेळच उरला नाही," म्हणाली. मी पानं उलटून पाहिली आणि तिचा वेळ कुठे गेला ते लगेच सापडलं. प्रश्न होता, 'क्षरण म्हणजे काय? उदाहरणासह स्पष्ट करा.' गुण दोन. उत्तर दीड पान, आणि तिच्याच अंदाजाने त्यात गेलेला वेळ पंधरा-सोळा मिनिटं. मिळाले दोनपैकी दोन. त्याहून जास्त मिळणारच नव्हते.

चाळीस गुणांचा पेपर दोन तासांचा असतो, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. दोन गुणांच्या उत्तराला सहा मिनिटं, आणि प्रश्न वाचणं, शेवटी पडताळणं यांचा वेळही त्यातूनच काढायचा.

त्या दीड पानात काय काय होतं? सुरुवातीला धातूंचे उपयोग. मग व्याख्या. मग लोखंडाचा गंज, तांब्यावरचा हिरवा थर, काळी पडणारी चांदी. त्यानंतर रंग देणं, जस्ताचा मुलामा, आणि एक परिच्छेद कल्हईवर. आमच्या अम्मीकडच्या तांब्याच्या देगांना कल्हई करताना तिने पाहिलंय, म्हणून तो परिच्छेद फार छान उतरला होता. पण प्रश्नात क्षरण रोखण्याचे उपाय विचारलेच नव्हते.

मी तिला पेन्सिल दिली आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायला सांगितला: हे वाक्य काढलं तर विचारलेल्यातलं काय अपुरं राहतं? काहीच राहत नसेल तर त्यावर रेघ. उपयोग गेले, उपाय गेले, कल्हईही गेली (तिचा चेहरा उतरला). तीन उदाहरणांपैकी एकच ठेवायचं होतं. तिने घाईघाईने तिन्हींची नुसती नावं ठेवली: 'उदा. लोखंड, तांबे, चांदी.' इथेच बहुतेक मुलं चुकतात. अशी नावांची यादी म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. या प्रश्नाला मी व्याख्येला एक आणि उदाहरणाला एक गुण देते, आणि नुसत्या नावांना अर्धाच. एकच उदाहरण घ्यावं, पण कशामुळे काय झालं ते पूर्ण सांगावं.

दुसरी चूक व्याख्येत झाली. छोटं करण्याच्या नादात तिने लिहिलं, 'धातू खराब होणे म्हणजे क्षरण.' पण धातू ठोकून वाकवला तरी खराबच होतो की! हवा आणि ओलावा हे शब्द गेले की व्याख्याच राहत नाही. कात्री चालवायची ती व्याख्येच्या आजूबाजूला, तिच्या आत नाही.

शेवटी उत्तर असं झालं:

'हवेतील ऑक्सिजन, ओलावा यांसारख्या घटकांच्या परिणामाने धातूचा हळूहळू ऱ्हास होण्याच्या क्रियेला क्षरण म्हणतात. उदा. लोखंडी खिळा दमट हवेत राहिला की लोखंडाची ऑक्सिजन व पाण्याशी अभिक्रिया होते आणि त्यावर तांबूस गंज चढतो. हा गंज म्हणजे जलयुक्त फेरिक ऑक्साइड, Fe₂O₃·xH₂O.'

घड्याळ लावून लिहायला लावलं. चार मिनिटं लागली.

हाच प्रश्न तीन गुणांना आला आणि 'लोखंडाचे क्षरण सतत का चालू राहते?' असं त्याला जोडलं, तर पुन्हा दीड पानाकडे वळायचं नाही. वरच्या उत्तरात दोनच वाक्यं वाढवायची: 'गंज भुसभुशीत असतो, तो लोखंडाला घट्ट चिकटून राहत नाही. तो सुटून पडला की आतला धातू उघडा पडतो आणि पुन्हा गंजतो.' उपाय विचारले असतील तर मात्र या वाक्यांच्या जागी रंग आणि जस्ताचा मुलामा येतील. विचारलेला भाग कधीच कापायचा नाही. दोन उपाय मागितले असतील तर दोन लिहायचेच, मग उत्तर लांबलं तरी चालेल.

हे काम परीक्षेत बसून होत नाही. तिथे खाडाखोड करण्यातच मिनिटं जातात. घरी आधी मनमोकळं मोठं उत्तर लिहावं, मग ते कापावं आणि कापलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा लिहावं. जास्त कापलं गेलंय का, हे कळायला ते अम्मीला वाचून दाखवावं. धडा वाचलेला नसला तरी चालेल, उलट तेच बरं. भाचीच्या पहिल्या कापलेल्या उत्तरावर माझ्या बहिणीने पोळी लाटता लाटता विचारलं होतं, "पण खराब होतं ते कशाने?" व्याख्येतून नेमकं तेवढंच गळालं होतं.