‘पैसे टाकलेत’ म्हणाले, की यूटीआर मागा

पांडेसऱ्यात घराघरात काम चालतं. कुणाकडे दोन-चार एम्ब्रॉयडरीची मशिनं आहेत, कुणी लेस-पट्टी करतं, कुठे बाया ओट्यावर बसून साड्यांना टिकल्या लावतात. माल टेम्पोने रिंग रोडच्या मार्केटात जातो. पैसे मात्र महिन्या-दोन महिन्यांनी येतात, तेही चार फोन केल्यावर.

फोन केला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं. “पैसे टाकलेत, खातं बघा.” तुम्ही खातं बघता, काही दिसत नाही. पुन्हा फोन करायचा संकोच वाटतो, कारण शेठ मोठा आहे आणि पुढचं काम त्याच्याकडूनच यायचं आहे. असे आठ-पंधरा दिवस निघून जातात. तोवर कारागिरांचा हप्ता येतो, लाइटबिल येतं.

एवढा संकोच नको. पैसे पाठवले असतील तर त्याचा नंबर पार्टीकडे असतोच. तो मागा.

त्याला यूटीआर नंबर म्हणतात. बँकेतून गेलेल्या प्रत्येक रकमेला असा एक नंबर मिळतो. एनईएफटीने पाठवले असतील तर तो 16 अक्षर-अंकांचा असतो. आरटीजीएसचा 22 चा असतो. यूपीआय किंवा आयएमपीएस असेल तर 12 आकडे असतात. नंबर आला की आधी हे मोजून घ्या. एनईएफटी केली म्हणतात आणि नंबर नऊच आकडी आहे, तर तो नंबर भलताच आहे. बहुधा मेहताजींनी घाईत व्हाउचरचा नंबर पाठवलेला असतो.

आरटीजीएस दोन लाखांपासून पुढच्या रकमेला चालतं. त्याच्या नंबरात तारीखही वाचता येते. पहिली चार अक्षरं बँकेची, मग R, मग एक खूण, आणि सातव्या जागेपासून वर्ष, महिना, दिवस. SBINR52025061812345678 हा नमुना बघा. यात 20250618 आहे, म्हणजे 18 जून 2025. पार्टी म्हणत असेल 10 तारखेला पाठवले आणि नंबरात 18 दिसत असेल, तर पैसे 18 लाच निघाले. भांडू नका, पण वहीत 18 लिहा.

आता मागायचं कसं? शेठला फोन करून “पुरावा द्या” म्हणालात तर त्याला राग येईल, आणि तो यायचाच. मागणी वहीच्या नावाने करा. व्हॉट्सअ‍ॅपवर शेठला आणि त्यांच्या मेहताजींना, दोघांनाही एकच निरोप पाठवा:

“शेठ, नमस्कार. पेमेंट केल्याचं सांगितलंत. माझ्या खात्यात अजून दिसत नाही. यूटीआर नंबर, तारीख, रक्कम, आणि कोणत्या बिलांचे किती व काय कापलं, एवढं पाठवा. म्हणजे तुमच्या नावावर जमा करतो.”

यात रागवण्यासारखं काही नाही. शिवाय निरोप लिहून गेलेला असतो. फोनवरचं बोलणं उद्या कुणाच्या लक्षात राहत नाही.

नंबर आला, पण खात्यात पैसे नाहीत, असं झालं तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका. एनईएफटी आता दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालते, पण पैसे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या गाडीने निघतात. त्या गाडीचा हिशेब झाल्यापासून दोन तासांत तुमच्या बँकेने रक्कम जमा करायची किंवा परत पाठवायची, असा नियम आहे. आरटीजीएसला अर्धा तास पुरतो. यूपीआय आणि आयएमपीएस तर लगेच. म्हणून एनईएफटीला तीनेक तास द्या. त्यानंतरही आले नाहीत, तर कुठेतरी काही अडलं आहे.

बहुतेक वेळा खाते नंबरात अडलेलं असतं. आपल्यातल्या अनेकांची दोन खाती आहेत, एक गावाकडचं आणि एक इथलं. पार्टीकडे जुनं खातं लिहिलेलं राहतं. बँकांची नावंही बदलली. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, आणि तिचे जुने आयएफएससी कोड 1 मार्च 2021 पासून बंद झाले. जुन्या बिलबुकावर तोच कोड छापलेला असेल तर रक्कम पाठवणाऱ्याकडे परत जाते. पार्टी प्रामाणिकपणे म्हणते, “मी टाकले.” तिने टाकलेही असतात. परत आल्याचं तिच्या मेहताजींनी बघितलेलं नसतं.

याहून वाईट म्हणजे नंबरातला एखादा आकडा चुकणे. एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे खाते नंबरावर जमा होतात, नावावर नाही. चुकलेला नंबर दुसऱ्या कुणाचा निघाला तर पैसे त्याच्या घरी जातात आणि परत मिळवताना जीव जातो. 1 एप्रिल 2025 पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहण्याची सोय या दोन्हींत बँकांनी द्यायची आहे. शेठला सांगा, पहिल्यांदा टाकताना नाव बघून घ्या. आणि यूटीआर मागताना हेही विचारा: माझ्या खात्याचे शेवटचे चार आकडे कोणते दिसतात?

आता स्क्रीनशॉटचं.

स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले, असं समजू नका. बनावट स्क्रीनशॉट फोनवरच तयार करता येतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण खरा स्क्रीनशॉटही फसवतो. कंपनीच्या खात्यातून पैसे पाठवताना आधी मेहताजी रक्कम भरतात आणि मग मालक मंजुरी देतो. मेहताजींनी भरल्यावर जी हिरवी टिकमार्क येते, तिचा फोटो तुमच्याकडे येतो. मालकाने मंजुरी दिलेलीच नसते. कधी पुढची तारीख टाकून ठेवलेली असते. त्यामुळे फोटोत ‘प्रोसेसिंग’, ‘पेंडिंग’, ‘शेड्यूल्ड’, ‘सबमिटेड’ यांपैकी काही लिहिलेलं आहे का, ते नीट वाचा. यूटीआर नसेल तर तो फोटो वहीत घ्यायच्या लायकीचा नाही.

एनईएफटीत आणखी एक सोय आहे. समोरच्या खात्यात रक्कम जमा झाली की पाठवणाऱ्याला बँकेचा तसा निरोप जातो, त्यात वेळही असते. नुसत्या ‘पैसे कापले’ या निरोपाऐवजी तो ‘जमा झाले’चा निरोप मागा. नाही तर बँकेच्या स्टेटमेंटमधली तेवढी एक ओळ मागा, बाकीचं झाकून. शिल्लक दाखवायला कुणालाच आवडत नाही, आणि तुम्हाला ती बघायचीही नाही.

यूटीआर हातात आहे, चार आकडे बरोबर आहेत, तरी रक्कम दिसत नाही, तर नंबर घेऊन आपल्या शाखेत जा. काउंटरवर या नंबराने आत आलेली रक्कम शोधता येते. “आलीच नाही” म्हणाले, तर तेच शेठला कळवा आणि त्यांच्या बँकेत चौकशी करायला सांगा. यूपीआय किंवा आयएमपीएसमध्ये त्यांचे कापले गेले आणि तुम्हाला मिळाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत जायला हवेत. उशीर झाला तर बँकेने पाठवणाऱ्याला दिवसाला 100 रुपये द्यायचे आहेत.

पैसे आले, तरी काम संपलं नाही. निरोपात “कोणत्या बिलांचे, काय कापलं” हे विचारायला सांगितलं, ते यासाठी.

समजा तुमची तीन बिलं आहेत: 18,400, 22,150 आणि 15,900. बेरीज 56,450. खात्यात आले 54,685. कमी का आले, कुणी सांगत नाही. तुम्ही म्हणता, जाऊ दे, आले तेवढे आले. तीन महिन्यांनी पार्टी म्हणते, त्या रकमेत जुना अ‍ॅडव्हान्सही वळता केला होता. आता तुम्ही काय दाखवाल?

त्याच दिवशी मेहताजींकडून दोन ओळी घेतल्या असत्या तर कळलं असतं. टीडीएस 1 टक्का, म्हणजे 565. दोन साड्या डागाळल्या म्हणून 1,200. एकूण 1,765 कापले, म्हणजे बरोबर 54,685. आता तुम्ही 1,200 वर बोलू शकता, डागाळलेल्या साड्या परत मागू शकता. त्या महिन्याभराने मागून मिळत नाहीत.

टीडीएसचे 565 तर तुमचेच आहेत. एका पार्टीचं वर्षभराचं काम लाखाच्या वर गेलं की, तुमचं काम कंपनी-भागीदारीत नसून एकट्याच्या नावावर असेल तर, जॉबवर्कवर ती 1 टक्का कापते आणि सरकारात तुमच्या पॅनवर भरते. ते 26एएस नावाच्या उताऱ्यात दिसतात, आणि रिटर्न भरलं की हिशेबात धरले जातात. कापले आणि भरलेच नाहीत, असंही होतं. म्हणून कापल्याचं लेखी घ्या आणि नंतर उतारा बघा. पार्टीला पॅन दिलेलाच नसेल तर कपात 20 टक्क्यांची होते. वरच्याच बिलांवर 11,290 रुपये. पॅन आजच देऊन ठेवा.

शेवटी मालाचं. “पैसे टाकलेत, टेम्पो पाठवतोय, माल चढवा” असा फोन आला आणि ठरलं असेल की पैसे आल्यावरच माल, तर खात्यात रक्कम दिसेपर्यंत माल चढवू नका. ज्या मालावर तुम्ही काम केलं, त्याची मजुरी मिळेपर्यंत तोच माल ठेवून घ्यायचा हक्क 1872 च्या करार कायद्याच्या कलम 170 ने दिला आहे, उधारीचं वेगळं ठरलेलं नसेल तर. पण तो हक्क त्याच लॉटपुरता आहे. मागच्या थकबाकीसाठी आजचा लॉट अडवून बसलात, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहीलच असं नाही.

आणि अनोळखी नंबरावरून “चुकून जास्त गेले, वरचे परत करा” असा निरोप आला, तर एसएमएसवर विश्वास ठेवू नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा पासबुकात रक्कम खरंच जमा आहे का, ते बघा. नसेल तर एक रुपयाही परत करू नका. करून बसला असाल तर त्याच तासाला 1930 वर फोन लावा.