अपॉइंटमेंटच्या अर्जातला तो एक रकाना

छोट्या दवाखान्यांच्या वेबसाईटवर अगदी खाली ‘प्रायव्हसी पॉलिसी’ असते. लांबलचक, इंग्रजीत. माझ्याही वेबसाईटवर होती आणि ती मी न वाचताच ठेवली होती. वाचली तेव्हा तिच्यात ‘माल परत करण्याच्या अटी’ निघाल्या. कुठल्याशा दुकानाची उचललेली! दवाखान्यातून माल कोण परत करणार?

हसण्यावारी नेलं असतं, पण त्याआधी एक प्रकार घडला होता. लाखांदूरकडची एक मुलगी सिकलसेलचा रिपोर्ट दाखवायला येणार होती. अर्ज भरला ऑनलाईन सेंटरवर, मोबाईल नंबर दिला काकांचा. आमच्या अर्जात ‘आजार’ असा रकाना होता. त्यात लिहिलेला शब्द आठवणीच्या मेसेजमध्ये आपोआप गेला: ‘सिकलसेलसाठी तुमची उद्याची वेळ’. मुलगी फक्त वाहक होती, आजारी नव्हती. जोडीदारही वाहक असेल तरच प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पण हे समजावून सांगायला मी तिथे नव्हतो. मेसेज घरभर फिरला आणि जुळत आलेली सोयरीक अडली.

चूक माझी. मुळात तो रकाना मला हवाच कशाला होता? आजार मी समोर बसवून विचारतोच.

आता आमचा अर्ज चारच गोष्टी विचारतो: नाव, वय, मोबाईल नंबर आणि यायचा दिवस. वय अशासाठी, की लहान मूल किंवा वृद्ध असेल तर आधी घेता येतं. आधार, जन्मतारीख, ईमेल काढून टाकलं. मेसेजमध्ये फक्त वेळ जाते. तपासणी झाली की ३० दिवसांत वेबसाईटवरची नोंद पुसतो. जाहिरातवाल्यांना माहिती देणारे मोजणी-कोडही काढले.

केसपेपर मात्र पुसत नाही. मागचं बीपी, मागची साखर माहीत नसेल तर आजच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. भरती रुग्णांचे कागद किमान तीन वर्षं जपायचा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियमच आहे, आणि तुम्ही मागितल्यास ते ७२ तासांत द्यावे लागतात. क्षयरोग निघाला तर २०१२ पासून सरकारला कळवणं सक्तीचं आहे. तिथे तुमची परवानगी विचारल्याचं नाटक मी करणार नाही.

‘आमचे पेशंट पॉलिसी वाचतच नाहीत,’ असं माझे डॉक्टर मित्र म्हणतात. वाचतील कशी? डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा म्हणतो, की सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्या. त्यात मराठी आहे. त्याच कायद्यात उदाहरण दिलंय: टेलिमेडिसिनच्या ॲपने फोनमधले नंबर मागितले आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तरी उपचाराला ते लागत नसल्यामुळे ती संमती धरली जात नाही.

एक कमतरता अजून आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला रिपोर्ट माझ्या फोनच्या गॅलरीत जाऊन बसतो. म्हणून रिपोर्ट कागदावरच आणा.