पुराच्या कॉन्फरन्स कॉलवर कसे बोलावे

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 43 फुटांवर गेली की धोका पातळी. कोल्हापुरात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेले होते, हेही कोणी विसरलेले नाही. पण आकडा ठाऊक असणे वेगळे आणि पावसाच्या आवाजात, खरखरत्या फोनवर तो नेमका ऐकू येणे वेगळे. वीज गेली, नेट मंदावले की व्हिडिओ बंद पडतो आणि तालुक्यापासून गावापर्यंत फक्त आवाजाचा कॉल उरतो. पलीकडे तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, सरपंच कानाला फोन लावून उभे असतात. त्यांना तुमचा नकाशा दिसत नाही, बोट दिसत नाही, चेहराही दिसत नाही. म्हणून हे आवाहन अशा कॉलवर बोलणाऱ्या प्रत्येकाला आहे: जे बोलायचे ते आधी लिहून काढा आणि ते कानासाठी लिहा.

सुरुवात आकड्यांपासून करू, कारण घोळ तिथेच होतो. साधी फोन लाइन माणसाच्या आवाजातला साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे नेते. ‘स’सारख्या अक्षरांची धार बरीचशी या पट्ट्याच्याही वर असते, ती वाटेत झिजते. मग साठ, सात आणि आठ एकमेकांत मिसळतात. त्रेचाळीस आणि त्रेपन्न यांची सुरुवात तर एकच आहे. म्हणून आकडा दोनदा सांगा, एकदा नेहमीसारखा आणि एकदा सुटा: “त्रेचाळीस, चार-तीन.” बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात असते. कागदावर कोणी 41 फूट 10 इंचाचे ‘41.10’ असे लिहिले आणि दुसऱ्याने ते “एक्केचाळीस पॉइंट दहा” असे वाचले, तर ऐकणारा त्याला 41.1 फूट समजू शकतो. तो झाला 41 फूट आणि जेमतेम सव्वा इंच. जवळजवळ नऊ इंच पाणी बोलण्यातच आटले! कॉलवर ‘पॉइंट’ हा शब्दच नको. फूट म्हणा, इंच म्हणा.

राधानगरीचे तसेच. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत येते. आता “दोन दरवाजे उघडले” आणि “दोन नंबरचा दरवाजा उघडला” यांत दुप्पट पाण्याचा फरक आहे, आणि खरखरत्या फोनवर ऐकायला ते जवळपास सारखेच. आधी संख्या सांगा, मग क्रमांक, मग एकूण पाणी: “एकूण दोन दरवाजे उघडे. क्रमांक तीन आणि क्रमांक सहा. दोन्ही मिळून 2856 क्युसेक.”

आता नमुना बघा. यातली पातळी आणि वेळ फक्त उदाहरणापुरती आहे.

“नमस्कार. तालुका पूर नियंत्रण कक्षातून नायब तहसीलदार बोलतोय. सकाळचे आठ वाजलेत. मी आठ मिनिटं बोलणार आहे. तीन गोष्टी सांगणार आहे: एक, पाणी किती. दोन, कोणी हलायचं. तीन, पुढचा कॉल कधी. आधी हजेरी. गावाचं नाव घेतलं की फक्त ‘आहे’ म्हणा आणि फोन म्यूट करा. आंबेवाडी? … प्रयाग चिखली? …”

“सगळ्यांना ऐकू येतंय का?” असे कधीही विचारू नका. एक तर वीस जण एकदम बोलतात, नाही तर कोणीच बोलत नाही, आणि दोन्हींतून काही कळत नाही. गावाचे नाव घेऊन विचारले की कोण जोडलेले नाही हे दोन मिनिटांत समजते.

“पहिली गोष्ट, पाणी. राजाराम बंधारा, सकाळी सात वाजता, एक्केचाळीस फूट दहा इंच. चार-एक फूट, एक-शून्य इंच. म्हणजे इशारा पातळीच्या वर आणि धोका पातळीच्या खाली. धोका पातळीला अजून एक फूट दोन इंच बाकी. लिहून घ्या, मी थांबतोय. … पहिली गोष्ट संपली. बंधारा एक्केचाळीस फूट दहा इंच, धोका पातळीच्या खाली. आता दुसरी गोष्ट.”

“मी थांबतोय” हे तोंडाने सांगावेच लागते. समोर बसलेल्याला तुम्ही थांबलात हे दिसते; फोनवरची शांतता म्हणजे कॉल तुटला, असाच समज होतो. आणि उजळणी करताना तेच शब्द पुन्हा वापरा. शाळेच्या निबंधात एकच शब्द दोनदा आला की बाई लाल रेघ मारायच्या, इथे नेमके उलटे आहे. एकदा ‘धोका पातळी’ म्हणालात आणि उजळणीत ‘इशाऱ्याची रेषा’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला ती वेगळीच पातळी वाटेल, आणि इथे ती खरोखरच चार फुटांनी वेगळी आहे.

“दुसरी गोष्ट, स्थलांतर. ही फक्त आंबेवाडी आणि प्रयाग चिखली या दोन गावांसाठी. काल पाठवलेल्या यादीचं पान दोन काढा. वर ‘नदीकाठची घरे’ असं लिहिलंय. सापडलं की पुढं सांगतो. … ओळ एक ते ओळ बारा, ही घरं आज दुपारी दोनच्या आत निवारा केंद्रावर. म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि जनावरं पहिल्यांदा.”

जनावरांचे नाव मुद्दाम घेतले आहे. गोठ्यात म्हैस असताना घर सोडायला कोण तयार होतो? बोलताना ‘हे बघा’, ‘इथून’, ‘वरचा भाग’, ‘ती लाल रेघ’ असले शब्द मसुद्यातून खोडून टाका. त्यांच्या जागी पान, ओळ आणि ठिकाणाचे नाव घाला. यादी कॉलच्या आधीच गावात पोचलेली हवी, आणि तिच्या पानांवर व ओळींवर क्रमांक हवेत.

मग सर्वांत महत्त्वाचे काम. “कळलं का?” असे विचारले की आपल्याकडे उत्तर ठरलेले आहे: “व्हय साहेब.” न कळलेलाही हेच म्हणतो, कारण चारचौघांत साहेबांना परत विचारायचा संकोच असतो. त्याऐवजी म्हणा: “आंबेवाडीचे पोलीस पाटील, माझा आवाज नीट पोचला का ते तपासायचंय. कोणती घरं, किती वाजेपर्यंत, ते मला परत सांगा.” परीक्षा फोनची आहे, माणसाची नाही, असा सूर ठेवा. ते चुकीचे सांगत असतील तर मध्ये तोडू नका. स्पीकरवर ठेवलेल्या बऱ्याच फोनांत एक बाजू बोलताना दुसरी बंद होते. त्यांचे संपू द्या आणि पूर्ण वाक्य पुन्हा सांगा, नुसती दुरुस्ती नको.

उशिरा जोडला गेलेला माणूसही विसरू नका. रेडिओवर मराठीतून क्रिकेटचे धावते वर्णन करणारे बाळ ज. पंडित यांच्यासारखे समालोचक धावसंख्या पुन्हा पुन्हा सांगत, कारण रेडिओ आत्ताच लावलेला श्रोता असतोच. तुम्हीही दर गोष्टीच्या शेवटी एक वाक्य त्याच्यासाठी ठेवा.

“तिसरी गोष्ट. पुढचा कॉल आज दुपारी बारा वाजता. माझा आवाज तुटला तर दोन मिनिटं लाइनवरच थांबा. तरी नाही आला तर हेच तीन मुद्दे एसएमएसने येतील. आता प्रश्न. गावांची नावं मी क्रमानं घेतो.”

एवढा मजकूर मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगाने वाचा. त्याहून भराभर बोललात तर लिहून घेणारा मागे पडतो.

पावसाळा सुरू व्हायच्या आत एक चाचणी कॉल घ्या. घरातल्या किंवा कार्यालयातल्या एकाला पलीकडच्या खोलीत कागद-पेन देऊन बसवा, त्याला फोनवरून मसुदा वाचून दाखवा आणि त्याने काय लिहिले ते बघा. जो आकडा चुकला असेल ते वाक्य बदला.