टेम्परेचर कमी केलं की एआय खरं बोलतं का?

एकच प्रश्न, एकच चॅटबॉट, पण दोन मित्रांच्या फोनवर दोन वेगळी उत्तरं. असे स्क्रीनशॉट तुम्हीही पाहिले असतील. त्यावर हमखास येणारा सल्ला म्हणजे ‘टेम्परेचर शून्य करा, मग तो थापा मारणार नाही.’ हे कितपत खरं आहे ते बघायला मी एक छोटं मॉडेल स्वतःच ट्रेन केलं.

त्यासाठी आंद्रे कारपाथी यांचा nanoGPT हा ओपन सोर्स कोड घेतला आणि त्याला मराठी विकिपीडियातला साधारण १० लाख अक्षरांचा मजकूर दिला. या मॉडेलला शब्द माहीतच नसतात. आधीची अक्षरं बघून पुढचं चिन्ह कोणतं येईल, एवढाच अंदाज ते बांधतं. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा त्याच्यासाठी वेगवेगळी चिन्हं असतात.

समजा, ‘पाण’ इथपर्यंत लिहून झालंय. पुढच्या चिन्हांना मॉडेलने असे गुण दिले: ‘ी’ला २, ‘्’ला १ आणि ‘ू’ला ०. हे गुण आधी टेम्परेचरने भागले जातात, मग त्यांची टक्केवारी होते आणि त्या टक्केवारीनुसार चिठ्ठी काढली जाते:

```python
probs = F.softmax(logits / temperature, dim=-1)
next_id = torch.multinomial(probs, 1)
```

टेम्परेचर १ असेल तर ‘पाणी’ होण्याची शक्यता साधारण ६७ टक्के आणि ‘पाणू’ची ९ टक्के. ०.५ केलं की ‘पाणी’ ८७ टक्क्यांवर जातं. २ केलं की ‘पाणी’ ५१ वर उतरतं आणि ‘पाणू’ थेट १९ वर चढतं. मॉडेलने दिलेले गुण तेच राहतात, बदलतो तो फक्त टक्केवारीतला फरक.

प्रत्यक्षात ०.२ वर माझं मॉडेल ‘हे गाव आहे. हे गाव आहे.’ असं अडकून बसलं. १.५ वर मात्रा सुट्या पडल्या आणि स्क्रीनवर वेलांटीशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ दिसू लागलं. मराठीत गडबड अशी लगेच डोळ्यांना दिसते. पण कमी टेम्परेचरवरही सुट्या मात्रा आल्या, तर दोष टेम्परेचरचा नाही, ट्रेनिंग अपुरं झालंय असं समजा.

खरा धक्का ०.८ वर बसला. वाक्य शुद्ध होतं, गावाचा जिल्हाही दिला होता. पण त्या नावाचं गाव डेटात शोधूनही सापडलं नाही. मग टेम्परेचर उतरवून पाहिलं, तर दुसरं एक चुकीचं वाक्य आलं आणि आता दरवेळी तेच येऊ लागलं.

चॅटबॉट माझ्या मॉडेलपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि अक्षरांऐवजी शब्दांचे तुकडे वापरतात, पण टेम्परेचरचं गणित तेच असतं. टेम्परेचर कमी केल्याने उत्तर बऱ्यापैकी स्थिर होतं. पण मॉडेलने सगळ्यात जास्त गुण चुकीच्या गोष्टीला दिले असतील, तर ते तीच चूक न चुकता सांगेल. त्यामुळे तेच उत्तर दहा वेळा आलं म्हणून ते खरं मानू नका.